दुकानदाराला पाठवायचा पहिला मेसेज



माझं अलिबागच्या बाजारात किराणा मालाचं दुकान आहे. विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कुणाची आई पापड लाटते, कुणाच्या घरी आगळ होतं, कुणाच्या शेतात पांढरा कांदा आहे. तो माल दुकानात ठेवा म्हणून सांगणारे मेसेज मला येतात, आणि बरेचसे मला कळतच नाहीत. म्हणून आज त्यावरच बोलतो.

पेणजवळच्या एका मुलीचा मेसेज असा होता : ‘आम्ही उच्च दर्जाच्या घरगुती उत्पादनांचे अग्रगण्य पुरवठादार आहोत. आपल्या प्रतिष्ठित दुकानासोबत दीर्घकालीन व्यावसायिक संबंध प्रस्थापित करण्यास आम्ही उत्सुक आहोत. दरांसाठी संपर्क साधावा.’ यात नम्रता भरपूर आहे, पण माल कोणता, केवढ्याला आणि देणार कसा, यातलं काहीच नाही. गल्ल्यावर बसलेला माणूस दर विचारायला उलटा फोन करत नाही. ती मुलगी नंतर दुकानात आली, तेव्हा आम्ही दोघांनी बसून तो मेसेज नव्याने लिहिला. तो असा झाला :

‘नमस्कार शेठ. मी पेणजवळून लिहितेय. आमच्या घरी पोह्याचे पापड होतात. शनिवारी तुमच्या दुकानात आले होते. उडदाचे पापड दिसले, पोह्याचे दिसले नाहीत. आमची 200 ग्रॅमची पुडी आहे. छापील किंमत 80 रुपये, तुम्हाला 64 रुपयांना, दुकानात पोच. पहिल्या दहा पुड्या जांगड ठेवा. पंधरा दिवसांनी मी येईन. खपतील तेवढ्यांचे पैसे द्या, उरलेल्या मी परत नेईन. फुटलेली पुडी बदलून देईन. पुडीवर अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक आणि पॅकिंगची तारीख आहे. मंगळवारी दुपारी नमुना घेऊन येऊ का?’

खाली नाव, गाव आणि फोन नंबर.

आता यातली एकेक गोष्ट बघा. ‘उडदाचे दिसले, पोह्याचे दिसले नाहीत’ या वाक्याने माझं काम झालं. शनिवार-रविवारी मांडव्याला बोटीतून उतरणारं गिऱ्हाईक इथली वस्तू मागतं आणि माझ्या फळीवर ती नाही, हे मला कुणीतरी बघून सांगितलं. दुकानाच्या शंभर स्तुतींपेक्षा मला त्याचं मोल जास्त.

दुसरी गोष्ट दराची. त्या मुलीने आधी ‘वीस टक्के मार्जिन’ एवढंच लिहिलं होतं. वीस टक्के कशावर? छापील 80 वर धरले, तर माझे 16 रुपये सुटतात. खरेदीच्या किमतीवर धरले, तर साधारण 13 रुपये 33 पैसे. भांडण इथेच होतं, आणि तेही पहिल्या बिलाला. म्हणून टक्के लिहू नका, दोन्ही किमती रुपयांत लिहा.

तिसरी गोष्ट जांगडची. नव्या मालाला दुकानदार नाही म्हणतो तो पैसे अडकतील या भीतीने, आणि जांगडने ती भीती जाते. पण मग पैसे तुमचे अडकतात, हे विसरू नका. दहा पुड्या म्हणजे 640 रुपयांचा माल. एकदम दहा दुकानांत ठेवलात तर 6,400 रुपये बाहेर. म्हणून सुरुवात दोन-तीन दुकानांपासून करा आणि जांगड फक्त पहिल्या खेपेलाच द्या. माल ठेवताना दोन प्रतींत चलन करा, एका प्रतीवर दुकानदाराची सही घ्या. पंधरा दिवसांनी सात-आठ पुड्या खपल्या असतील, तर पुढचा माल रोखीने मागा. दोनच खपल्या असतील, तर पुडी कुठे ठेवली होती ते बघा. मागच्या फळीवर गेली असेल, तर पुढे ठेवायची विनंती करा. पुढे असूनही खपली नसेल, तर ते दुकान त्या मालाचं नाही. राग न धरता माल उचला.

चौथी गोष्ट शेवटच्या प्रश्नाची. ‘संपर्क साधावा’ म्हटलं की काम माझ्या गळ्यात पडतं. ‘मंगळवारी दुपारी येऊ का?’ म्हटलं की मला फक्त ‘या’ लिहायचं असतं. दुपार अशासाठी, की तेव्हा गर्दी नसते. मेसेजही तेव्हाच पाठवा, संध्याकाळच्या गिऱ्हाइकीत नको. उत्तर आलं नाही, तर तीन-चार दिवसांनी एकदाच विचारा. ‘बघू’ असं उत्तर आलं, तर ‘कधी येऊ?’ एवढं विचारून थांबा. रोज मेसेज करणाऱ्याचा फोन मग उचलला जात नाही.

आणि जे लिहाल ते पुडीत असू द्या. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेने पापड सादळतो. पुडीचं तोंड नीट बंद नसेल, तर गिऱ्हाईक पुडी परत आणतं ते माझ्याकडे, तुमच्याकडे नाही. मेसेजमुळे पहिल्या दहा पुड्या फळीवर येतात, पुढच्या मागवायच्या की नाही हे पापड तळल्यावर ठरतं.

ज्यांच्या घरी विकण्याजोगा माल आहे, त्यांनी सुट्टीत एक दुकान निवडावं, आधी तिथे जाऊन फळी बघावी आणि मगच लिहायला बसावं. अलिबागला आलात, तर लिहिलेला मेसेज घेऊन दुपारी माझ्या दुकानात या, आपण मिळून वाचू.