जाळ्यात धाव घेणारे मासे



स्वागताध्यक्षाने पाहुण्यांच्या जेवणाखाण्याचं पाहावं, कवितेत लुडबूड करू नये, असा संकेत आहे. पण बेन जॉन्सनची ‘टु पेन्सहर्स्ट’ ही कविता मुळात यजमानाचीच स्तुती आहे. म्हणून थोडं बोलतो.

१६१६ साली छापलेली ही कविता केंटमधल्या सिडनी घराण्याच्या वाड्यावर आहे. तिथला निसर्ग भलताच आज्ञाधारक. तित्तर मालकाच्या जेवणासाठी मरायला राजी आहे, जुने लठ्ठ कार्प आपण होऊन जाळ्यात शिरतात, आपल्याच जातभाईंना खाऊन कंटाळलेला पाइकही स्वतःला देऊ करतो. इथे प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधून पाहा. कर्ते सगळे पक्षी आणि मासे! कोळी येतो तो एकदाच, आणि तेव्हाही ईल स्वतःच त्याच्या हातात उडी घेतात. रेमंड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये ‘द कंट्री अँड द सिटी’त नेमकं हेच दाखवलं: राबणारे हात कवितेतून अलगद उचलले गेले आहेत.

मला त्यापुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. ज्याला आपण इथे निसर्ग म्हणतो, तोही राबून घडवलेला आहे. ससे, कार्प, जर्दाळू हे मूळचे इंग्लंडचे नव्हेत. माणसांनी आणून तिथे रुजवले. मेडवे नदीने मासे दिले नाहीत, तर तळी आहेतच, असं कवी सांगतो. पण तळं खणावं लागतं, गाळ काढावा लागतो. जर्दाळू आणि पीच भिंतीला बिलगून वाढतात, कारण उन्हाने तापलेली भिंत थंड मुलखात फळाला ऊब देते. त्यासाठी फांद्या बांधणारा, छाटणारा माळी लागतो. कवितेत तो नाही. भिंत मात्र कुणाच्याही आक्रोशाविना उभी राहिल्याचं आवर्जून सांगितलेलं आहे.

कुळं येतात तीही हात भरून: कोंबडे, केक, चीज घेऊन. खंडाचा उल्लेख नाही, आहे तो आहेर. आणि ज्या रॉबर्ट सिडनीच्या वैभवाची ही स्तुती, तो स्वतः पैशाच्या विवंचनेत होता, हे त्याच्या पत्रांतून दिसतं. म्हणजे निसर्गाची ही उदारता मालकाच्या हक्काला नैसर्गिक ठरवते, आणि कवीच्या ताटालाही! तिथे आपण किती पेले रिचवले हे कुणी मोजत नाही, असं जॉन्सन खुशीत सांगतोच.

तरीही कवितेला निव्वळ लबाडी म्हणून निकालात काढणं मला मान्य नाही. दिखाऊ हवेल्यांच्या काळात, जवळच्या रानाशेतावर भागवणाऱ्या घराची बाजू ती घेते. हे भागवणं खरं होतं की तेही सोंगच, यावर आमच्या संयोजन समितीतच एकमत नाही. पहिल्या सत्रात हीच कविता आहे. तिथे जरूर भांडा. चहा सभागृहाबाहेर डावीकडे ठेवला आहे.