अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनचा पुनर्वापर : एका किलोमागे ऊर्जेची बचत किती?



छत्रपती संभाजीनगर हे अ‍ॅल्युमिनियमशी निकटचा संबंध असलेले शहर आहे. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत मद्यनिर्मितीचे कारखाने आहेत. त्यांना लागणारे पेयांचे कॅन बनविणारा कॅनपॅक कंपनीचा कारखानाही याच परिसरात आहे. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना 1985 साली सुरू झाला. त्याच्याबरोबर दुचाकी वाहनांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव सुटे भाग तयार करणारा व्यवसायही येथे वाढला. म्हणजे या शहरात अ‍ॅल्युमिनियम पत्र्याच्या रूपाने येते, कॅन होऊन बाजारात जाते आणि रिकामे झाल्यावर भंगारवाल्याच्या पोत्यात पडते.

हा रिकामा कॅन पुन्हा वितळविला तर नवा धातू तयार करण्याच्या मानाने 95 टक्के ऊर्जा वाचते, असे सर्वत्र सांगितले जाते. हा आकडा खोटा नाही. परंतु तो कोणत्या किलोचा आणि कोणत्या भट्टीचा, हे विचारल्याशिवाय त्याचा खरा अर्थ कळत नाही.

धातुकापासून धातूपर्यंत

अ‍ॅल्युमिनियमचे धातुक म्हणजे बॉक्साइट. महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पठारांवर ते सापडते आणि सीमेपलीकडे बेळगाव येथे त्यापासून अ‍ॅल्युमिना बनविणारा कारखाना आहे. बॉक्साइट दळून, कॉस्टिक सोड्याच्या उष्ण द्रावणात विरघळवून आणि गाळून ही पांढरी भुकटी मिळते. मागे उरतो तो लोहयुक्त तांबडा चिखल. एक किलो धातूसाठी जवळजवळ दोन किलो अ‍ॅल्युमिना लागते आणि तेवढ्या अ‍ॅल्युमिनासाठी, बॉक्साइटच्या प्रतीनुसार, चार ते सहा किलो बॉक्साइट लागते.

अ‍ॅल्युमिना म्हणजे ऑक्सिजनशी घट्ट बांधलेले अ‍ॅल्युमिनियम. ही गाठ साध्या उष्णतेने सुटत नाही. 1886 साली अमेरिकेत हॉल यांनी आणि फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या पद्धतीने आजही ती सोडविली जाते. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये अ‍ॅल्युमिना विरघळवून सुमारे 960 अंश सेल्सियस तापमानाला त्यातून प्रचंड विद्युत्प्रवाह सोडतात. यात कार्बनचे दांडेही झिजत जातात. एक किलो धातूमागे 400 ग्रॅमहून अधिक कार्बन खर्ची पडतो आणि कारखान्याची सर्व गरज धरून सुमारे 14 ते 15 युनिट वीज लागते.

ही वीज भारतात मुख्यत्वे कोळशापासून होते. म्हणूनच अंगुल, झारसुगुडा आणि कोरबा येथील धातुशुद्धीचे कारखाने कोळशाच्या पट्ट्यात उभे राहिले. एका युनिटला साधारण 700 ग्रॅम कोळसा धरला, तर एका किलो अ‍ॅल्युमिनियमच्या केवळ विजेसाठी दहा किलो कोळसा जळतो. जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेत मांडल्यास हा खर्च सुमारे 150 मेगाज्यूल भरतो. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढण्याची उष्णता, कार्बनचे दांडे आणि वाहतूक हे सर्व मिळविले की एकूण आकडा 190 मेगाज्यूलच्या आसपास जातो. प्रत्येक कारखान्यात तो थोडा वेगळा असेल. येथील हिशेबासाठी 190 हा गोल आकडा धरावयास हरकत नाही.

कॅन वितळविण्यास काय लागते?

कॅनमधील धातू ऑक्सिजनपासून आधीच सुटलेला आहे. त्या सुटकेची किंमत एकदा मोजून झाली आहे. आता त्याला केवळ तापवून वितळवावयाचे असते. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळते. एक किलो धातू खोलीच्या तापमानापासून 700 अंशांच्या द्रवापर्यंत नेण्यास शास्त्राप्रमाणे जेमतेम 1.1 मेगाज्यूल उष्णता पुरते. भट्टीच्या भिंतींतून आणि धुराड्यातून बरीच उष्णता निघून जाते, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च याच्या काही पट होतो. कॅनचे तुकडे करणे, त्यांवरील रंग काढणे, वितळविणे आणि लागणारी वीज धरून चांगल्या कारखान्यात एका किलोस सुमारे 10 मेगाज्यूल पुरतात. 190 च्या ठिकाणी 10. पंच्याण्णव टक्क्यांचा उगम येथे आहे.

वाहतुकीने हा फायदा नाहीसा होईल, अशी शंका काही जण घेतात. संभाजीनगरहून भंगार नवी मुंबईजवळच्या तळोज्यापर्यंत ट्रकने नेले, तरी भरलेल्या ट्रकमध्ये एका किलोच्या वाट्याला एक मेगाज्यूलही येत नाही. मात्र ट्रक वजनाने भरलेला असला पाहिजे. न चेपलेले कॅन ट्रकभर रचले तरी त्यांचे वजन काहीशे किलोच भरते, आणि मग धातूऐवजी हवाच वाहून नेली जाते. यास्तव कॅन दाबून त्यांचे गठ्ठे बांधण्याचे काम भंगार गोळा होते तेथेच होणे आवश्यक आहे.

एका किलोचा हिशेब

समजा, जालना रस्त्यावरील एखाद्या उपाहारगृहातून एक किलो रिकामे, कोरडे कॅन निघाले. लहान कॅनचे वजन 13 ग्रॅमच्या जवळपास असते, म्हणजे हे सुमारे 75 कॅन झाले. त्यांच्या वजनातील दोन ते तीन टक्के भाग रंगाचा आणि आतील लेपाचा असतो. तो धातू नव्हे.

हे कॅन चांगल्या कारखान्यात गेले, तर तेथे प्रथम त्यांचे तुकडे होतात. चुंबकाने लोखंड वेगळे काढले जाते. फिरत्या भट्टीत 500 अंशांच्या थोडे वर तापवून रंग जाळला जातो. तापमान कमी पडले तर काजळी राहते आणि जास्त झाले तर पत्राच जळू लागतो. नंतर ते तुकडे वितळलेल्या धातूच्या भोवऱ्यात खाली ओढले जातात, म्हणजे ज्वाला त्यांना थेट लागत नाही. अशा ठिकाणी एका किलो कॅनपासून सुमारे 930 ग्रॅम धातू हाती येतो. तेवढा धातू धातुकापासून बनविण्यास 177 मेगाज्यूल लागले असते. दहा खर्च झाले, 167 वाचले.

तेच कॅन उघड्या खड्डाभट्टीत, रंगासह, वरून टाकले तर काय होते? कॅनची भिंत सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीची असते. त्यामुळे एका किलोमागे हवेला लागणारा पृष्ठभाग फार मोठा असतो. हलके पत्रे द्रवावर तरंगतात आणि ज्वालेत जळतात. झाकणाच्या मिश्रधातूत चार-साडेचार टक्के मॅग्नेशियम असते, ते या जळण्यास हातभार लावते. वर मळीचा, कारखान्यातील भाषेत ड्रॉसचा, जाड थर साचतो. हाती 820 ग्रॅमच धातू आला आणि इंधन दुप्पट, म्हणजे 20 मेगाज्यूल लागले असे धरू. नव्या धातूचे 156 मेगाज्यूल टळले, 20 खर्च झाले, बचत राहिली 136.

या दोन भट्ट्यांमधील अंतर 31 मेगाज्यूलचे आहे. त्यापैकी जादा इंधनाचे केवळ 10 आहेत. उरलेले 21 मेगाज्यूल जळून गेलेल्या 110 ग्रॅम धातूचे आहेत. भट्टीवाला इंधनाचे बिल पाहतो, परंतु खरे नुकसान मळीबरोबर बाहेर जाते. तो जळालेला धातू पुन्हा अ‍ॅल्युमिना झालेला असतो. ज्या गाठीतून सुटण्यासाठी दहा किलो कोळशाची वीज लागली, त्याच गाठीत तो परत अडकलेला असतो.

टक्केवारीत मात्र हे अंतर फारसे भरत नाही. मिळालेल्या धातूच्या प्रत्येक किलोवर हिशेब केला, तर पहिली भट्टी 94 टक्के आणि दुसरी 87 टक्के बचत दाखविते. गमावलेला धातू या टक्केवारीत मोजलाच जात नाही. म्हणून हिशेब भट्टीत टाकलेल्या किलोवर करावा, बाहेर आलेल्या किलोवर नव्हे.

दोष कसा ओळखावा?

सर्वांत साधे साधन तराजू हेच होय. आत गेलेले वजन आणि बाहेर आलेले वजन प्रत्येक पाळीला लिहून ठेवले, तर भट्टीची प्रकृती कळते. वजन घेण्यापूर्वी कॅनमध्ये वाळू किंवा पाणी राहिलेले नाही, याची खात्री करावी. पाण्याचा प्रश्न केवळ वजनाचा नाही. चेपलेल्या कॅनमध्ये अडकलेले पाणी वितळलेल्या धातूखाली गेले, तर क्षणात वाफ होऊन स्फोट होतो आणि तप्त धातू कामगारांच्या अंगावर उडतो.

दुसरी खूण मळीची. थंड झालेला गोळा फोडल्यावर आत चांदीसारखी चकाकी दिसली, तर त्यात अजून धातू आहे. गरम असतानाच तो दाबून काढता आला असता. भट्टीतून ओढलेली मळी धगधगत पांढरी होत असेल, तर तिच्यातील धातू जळत आहे, आणि तिला ताबडतोब थंड करावयास हवे. क्षारांचा थर वापरून वितळविल्यास धातू वाचतो, परंतु उरणारी क्षारयुक्त मळी ओली झाली की अमोनिया व ज्वालाग्राही वायू सोडते. ती उघड्या जागेवर टाकणे सर्वथा अयोग्य होय.

कॅनचा कॅन, की कॅनचा सुटा भाग?

आणखी एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. कॅनच्या मिश्रधातूत मॅग्नेशियम व मँगेनीज असते. वाहनांच्या ओतीव भागांसाठी लागणाऱ्या नेहमीच्या मिश्रधातूत दहा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असते आणि मॅग्नेशियम नाममात्र चालते. म्हणजे कॅनपासून ओतीव भाग करताना मॅग्नेशियम काढून टाकावे लागते आणि सिलिकॉन घालावे लागते. हे सिलिकॉनही विजेच्या भट्टीत बनते आणि त्यालाही किलोमागे दहाहून अधिक युनिट वीज लागते. शिवाय सिलिकॉन मिसळलेला हा धातू पुन्हा कॅनच्या पत्र्यासाठी उपयोगी पडत नाही. कॅन वेगळे ठेवून कॅनच्याच पत्र्याकडे परत नेले, तर तोच धातू पुन्हा पुन्हा फिरू शकतो. त्यासाठी भंगाराच्या दुकानात कॅन, भांडी आणि यंत्रांचे तुकडे यांचे ढीग निराळे ठेवणे, एवढी एकच गोष्ट प्रथम करावी लागते.

चांगल्या भट्टीतील 167 मेगाज्यूल 75 कॅनांत वाटले, तर प्रत्येक कॅनच्या वाट्याला सव्वादोन मेगाज्यूलच्या जवळपास कोळशाची उष्णता येते. तेवढ्या कोळशाच्या विजेवर दहा वॅटचा दिवा सुमारे वीस तास जळू शकतो. निष्काळजी भट्टीत याच कॅनचे तीन-चार तास मळीबरोबर आणि धुराबरोबर निघून जातात.