उंबरठ्यावरून दिसणारी खोली

गेल्या महिन्यात माझा भाचा एक कागद घेऊन घरी आला. नव्या फ्लॅटमधल्या हॉलचा नकाशा त्याने पेन्सिलीने काढला होता. हॉल दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. दक्षिणेच्या भिंतीत दार, समोर उत्तरेच्या भिंतीत मधोमध पाच फुटांची खिडकी. पश्चिमेला सोफा आणि त्याच्या पलीकडे स्वयंपाकघराची वाट. पूर्वेला टीव्हीचं कपाट आणि ईशान्येच्या कोपऱ्यात देवघर.

हे सगळं त्याने, लेखी वर्णनावरून चित्र तयार करणाऱ्या संगणकाच्या साधनाला जसंच्या तसं टाइप करून दिलं होतं. अशा लेखी सूचनेला प्रॉम्प्ट म्हणतात. आलेलं चित्र फोटोसारखं झकास होतं. मधोमध काचेचं मोठं सेंटर टेबलसुद्धा होतं. "मामा, उद्या सुताराला आगाऊ पैसे द्यायचेत," तो म्हणाला. मी चित्र पाहिलं. देवघर डावीकडे गेलेलं, स्वयंपाकघराची वाट गायब आणि हॉल सोळा फुटांचा तरी वाटत होता!

चूक कुठे झाली? नकाशा हा छप्पर काढून वरून पाहिल्यासारखा असतो. ही साधनं मात्र खोल्या कशा दिसतात ते मुख्यतः माणसाने खोलीत उभं राहून काढलेल्या फोटोंवरून शिकलेली असतात. 'पूर्व', 'पश्चिम', 'दहा बाय पंधरा' यांचा त्यांना भरवशाचा अर्थ लागत नाही. म्हणून नकाशावरून प्रॉम्प्ट लिहिताना पहिलं काम म्हणजे कागदावर एक ठिपका द्यायचा: मी इथे उभा आहे. आणि त्यातून एक बाण काढायचा: मी इकडे पाहतो आहे.

आम्ही ठिपका दारात दिला, बाण उत्तरेकडे. आता पश्चिम झाली डावी बाजू, पूर्व झाली उजवी. पाठीमागचं दार चित्रात दिसणारच नाही, म्हणून ते सूचनेतून काढून टाकलं. मग जवळून दूर असं एकेका बाजूचं लिहीत गेलो. फुटांच्या जागी तुलना घातली: खिडकी समोरच्या भिंतीच्या निम्म्या रुंदीची. उजेडाचाही विचार केला. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, तेव्हा 'सोनेरी कोवळं ऊन' लिहिणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. शेवटी सूचना अशी झाली:

"लहान, अरुंद, लांबट हॉल; दारात उभं राहून डोळ्यांच्या उंचीवरून समोर पाहिलेलं दृश्य. समोरच्या भिंतीत मधोमध, भिंतीच्या निम्म्या रुंदीची खिडकी, त्यातून मंद उजेड. डाव्या भिंतीला जवळ तीन माणसांचा राखाडी सोफा, त्याच्या पलीकडे स्वयंपाकघराची उघडी वाट. उजव्या भिंतीला सोफ्यासमोर टीव्हीचं बुटकं सागवानी कपाट, पलीकडच्या उजव्या कोपऱ्यात लाकडी देवघर. मधली जमीन मोकळी, फिकट फरशी. पांढरं छत, साधा पंखा."

भाच्याला शेवटी 'झुंबर नको' असंही लिहायचं होतं. मी थांबवलं. 'नको' तसंच राहतं आणि चित्रात झुंबर येतं, असं पुष्कळदा होतं. जे हवं तेच लिहावं. काही साधनं कागदाचा फोटोही घेतात; पण नकाशातले चौकोन त्यांना भलत्याच वस्तू वाटू शकतात आणि आपण लिहिलेली अक्षरं भिंतीवर गिचमिड होऊन उमटू शकतात.

नवं चित्र आलं तरी ते नकाशाशेजारी ठेवून तपासावं लागतं. आधी दारं-खिडक्या मोजायच्या, मग डावं-उजवं पाहायचं. आरशातल्यासारखी उलटापालट ही नेहमीची चूक. शेवटी रुंदी. आमचा सोफा भिंतीपासून तीन फूट पुढे येतो, कपाट दीड फूट. दहातून साडेचार गेले, उरले साडेपाच. म्हणजे चित्रातली मधली मोकळी जागा सोफ्याच्या रुंदीच्या दुपटीहून थोडी कमीच दिसायला हवी. पहिल्या चित्रात ती चौपट होती. तिथेच ते टेबल मावलं होतं!

दुसऱ्या चित्रात डावं-उजवं जुळलं, पण मधली जागा अजूनही तिप्पट दिसत होती. सूचना कितीही नेमकी असली, तरी या चित्राला मोजपट्टी लावता येत नाही. रंग, लाकूड, उजेड कसा दिसेल, एवढंच त्यावरून ठरवावं. मग आम्ही प्रत्यक्ष फ्लॅटवर गेलो आणि सोफा, कपाट आणि टेबल यांच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर पसरली. तीन फुटी टेबलाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वा-सव्वा फूट उरत होता. भाच्याची बायको हातात ताट धरल्यासारखं करून त्यातून चालली, आणि तिनेच टेबलाचा कागद उचलला.

सुताराच्या हाती आम्ही चित्र दिलं ते लाकडाच्या रंगासाठी. मापांसाठी दिला तो पेन्सिलीचा कागद.