आधी 'कोण?', मग 'काय?'

कोलकात्यात अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या जुन्या बेल्व्हेडिअर वाड्यात भूत आहे, असं लोक सांगतात. २०१० साली दुरुस्तीच्या वेळी पुरातत्त्व खात्याला तिथं तळमजल्यावर दार-खिडकी नसलेली एक बंद खोली सापडली. लगेच चर्चा सुरू झाली, इथं कैद्यांचा छळ झाला असेल, खजिना पुरला असेल. पुढच्या वर्षी कळलं, आत नुसती माती भरलेली आहे, इमारतीला आधार म्हणून.

आधाराआधी कैदीच का आठवावा? रात्रीच्या पहाऱ्यावरचा जवान मला आठवतो. झुडूप हललं की तो 'थम! कौन आता है?' ओरडणारच. दहा वेळा वाराच निघाला तर फक्त झोप जाते, एकदा शत्रू निसटला तर जीव जातो. स्ट्युअर्ट गथ्री यांनी १९९३ च्या पुस्तकात हाच हिशेब धर्माला लावला, आणि जस्टिन बॅरेट यांनी त्याला नाव दिलं: कर्ता ओळखणारी अतिदक्ष यंत्रणा.

पण इथं जपून. जवानाला झुडपात माणूस भासतो, देव नव्हे. त्यातून खुद्द बॅरेट यांच्या कल्पनेला प्रयोगांतून मिळालेला आधार तोकडाच आहे. पुस्तकांच्या कपाटामागे काही खुडबुडलं, तर ते भूतच, हे आधी ऐकलेल्या गोष्टी ठरवतात. गोष्ट न ऐकलेला माणूस तिथं उंदीर शोधतो.