चांद्याला जाणारी दुसरी गाडी
(कोजागिरीच्या कार्यक्रमात सांगितलेली गोष्ट, थोडी नीट करून)

मंडळी, आपल्या गावाला येणाऱ्या पाहुण्याची पहिली पंचाईत म्हणजे भद्रावती नावाचं स्टेशन इथं नाहीच. आपलं स्टेशन भांदक. तिकीट भांदकचं काढावं लागतं. भद्रावती म्हणून मागाल तर कर्नाटकातलं, शिमोग्याजवळचं भद्रावती निघतं. हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे पाहुण्यालाही आपण तेवढंच बजावतो. बल्लारशाचं मात्र कोणी सांगत नाही. आजची गोष्ट त्या बल्लारशाची.

2001 साल. माझ्या मोठ्या मुलीचं साक्षगंध होतं, संध्याकाळी पाचला, इथंच. मुलीचे मामा, म्हणजे आमच्या सौ.चे मोठे भाऊ, सिकंदराबादला नोकरीला. मुलाला घालायची अंगठी त्यांनी तिकडे करवून घेतली होती आणि ती त्यांच्याच खिशात होती. मामाशिवाय आणि अंगठीशिवाय साक्षगंध कसं करायचं? त्यांची गाडी भांदकला थांबणारी नव्हती, म्हणून त्यांनी बल्लारशाला उतरून पॅसेंजरने पुढे यायचं, असं ठरलं होतं.

अकराच्या सुमारास बल्लारशाला एक पॅसेंजर उभी होती. मामांनी दारातल्या माणसाला विचारलं, "चांद्याला जाते का?" तो म्हणाला, "हो, जाते ना." मामा बसले. लक्षात घ्या, त्या माणसाने खोटं काहीच सांगितलं नाही. गाडी चांद्यालाच जात होती. पण बल्लारशाहून चांद्याला दोन वेगळ्या लाइनी जातात. एक आपली मोठी लाइन, दिल्ली-मद्रासची. ती चंद्रपूर, ताडाळी, भांदक, माजरी, वरोरा करत नागपूरकडे जाते. दुसरी गोंदियाची. ती चांदा फोर्टवरून मूल, सिंदेवाही, नागभीड, वडसा अशी जंगलातून जाते. ही पूर्वी छोटी लाइन होती, नव्वदच्या दशकात मोठी झाली. गावात स्टेशनं दोन, चंद्रपूर आणि चांदा फोर्ट, आणि एका स्टेशनावरची गाडी दुसऱ्यावर जात नाही. मामा बसले होते गोंदियाच्या गाडीत.

थोड्या वेळाने गाडी थांबली. पाटी होती 'चांदा फोर्ट'. मामांना वाटलं, मोठ्या शहरात दोन स्टेशनं असतात तशी ही दोन असतील, आधी फोर्ट आणि मग चंद्रपूर. ते बसून राहिले. तिथं उतरले असते तर काम सोपं होतं. ऑटो करून गावातून बसस्टँडवर आले असते आणि जेवायला घरी पोचले असते.

गाडी सुटली आणि दहा-पंधरा मिनिटांत घरं संपली. दोन्ही बाजूंना सागवान आणि बांबू. मामांनी खिडकीतून पाहिलं तर शेजारी दुसरा रूळ नव्हता आणि वर विजेची तारही नव्हती. आपल्या मोठ्या लाइनीवरून ते अनेकदा आले होते. तिथं दोन रूळ, वर तार आणि समोरून कोळशाच्या मालगाड्या येणारच. यातलं इथं एकही दिसेना. (आता गोंदिया लाइनीवरही तार आली आहे, तेव्हा ही खूण आजच्या माणसाला उपयोगाची नाही.) त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "भांदक केव्हा येईल?" सगळा डबा त्यांच्याकडे पाहू लागला.

एक तरुण म्हणाला, साखळी ओढा. मामांनी ऐकलं नाही, ते बरं झालं. विनाकारण साखळी ओढली तर दंड आणि कैदसुद्धा होऊ शकते, आणि ते बाजूला ठेवलं तरी जंगलात रुळावर उतरून जाणार कुठं? मग मामांचाच विचार झाला की येईल त्या पहिल्या स्टेशनावर उतरावं. आपण चुकीच्या गाडीत आहोत हे कळलं की तिच्यात एक मिनिटही बसवत नाही. पुढचं स्टेशन केळझर. मामा बॅग घेऊन उठले, तेवढ्यात मूलकडचे एक म्हातारे बोलले, "भाऊ, केळझरले नोका उतरू. तिथं तुमाले गाडी केव्हा भेटंल, काई नेम नाई. मूलले उतरा. तिथून एस्टी हाये."

मामा पुन्हा बसले आणि हिशेब केला. तो त्यांनी नंतर मला कागदावर लिहून दाखवला होता. हीच गाडी परतीची धरायची तर संध्याकाळ होणार, म्हणजे तो रस्ता बाद. मूलला सव्वाबाराला पोचू. गडचिरोलीकडून चंद्रपूरला जाणाऱ्या बसगाड्या मूलवरूनच जातात, म्हणजे फार वेळ थांबावं लागणार नाही. एक वाजताची मिळाली तर सव्वादोन-अडीचला चंद्रपूर. तिथून नागपूर रस्त्याची कोणतीही बस भद्रावतीवरून जाते, पाऊणएक तास. म्हणजे साडेतीन, फार तर चार. एक बस चुकली तरी पाचच्या आत. आता आणखी अर्धा तास उलट्या दिशेने जावं लागणार होतं, पण मामा म्हणाले, हिशेब जुळल्यावर छातीतली धडधड थांबली.

मूल मरोडा स्टेशनवर उतरल्यावर ते आधी स्टेशन मास्तरांकडे गेले. तिकीट भांदकचं आणि उतरले मूलला. कोणी पकडायच्या आधी आपणच सांगितलेलं बरं. सांगतील ते पैसे भरले आणि पावती घेतली. मग बसस्टँडवर एसटीडी बूथ शोधून आमच्या घरी फोन केला.

फोन मी उचलला. "मी मूलला आहे," म्हणाले. मला वाटलं, थट्टा करताहेत. मग ते म्हणाले, "पाचच्या आत येतो, तुम्ही काही हलवू नका." मी घड्याळ पाहिलं, पावणेएक. सौ.ला सांगितलं तर ती मटकन खाली बसली. मुलाकडची मंडळी तीनला येणार होती. मी गुरुजींना विचारून मुलीची ओटी आधी आणि अंगठी शेवटी, असं ठरवून घेतलं. तेवढी मोकळीक हातात असावी म्हणून. बँकेत इतकी वर्षं रोकड सांभाळली, पण त्या एका अंगठीइतका जीव कधी टांगणीला लागला नव्हता.

मामा तीन पन्नासला दारात. चंद्रपूरला अर्धा तास बस मिळाली नव्हती, बाकी सगळं हिशेबाप्रमाणे. हातपाय धुवायच्या आधी त्यांनी आतल्या खिशातून डबी काढून बहिणीच्या हातात दिली.

आपल्याकडे ही गोष्ट दुसऱ्या टोकालाही घडते. नागपूरहून येताना वणी-आदिलाबादकडची गाडी माजरीला फुटते, आणि भांदक तर माजरीच्या पुढचंच स्टेशन. तसल्या गाडीत कोणी बसलंच तर माजरीपर्यंत वाट न पाहता वरोऱ्यालाच उतरावं. वरोरा नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर आहे, बस लगेच मिळते. आणि बल्लारशाला पाहुणा गाडी बदलणार असेल तर त्याला एवढंच सांगा की "चांद्याला जाते का" असं विचारायचं नाही. "भांदकला थांबते का" असं विचारायचं. त्या प्रश्नाला गोंदियाच्या गाडीतला माणूस हो म्हणूच शकत नाही.

आमच्या जावयांना मात्र हे सगळं त्या दिवशी कळलंच नाही. अंगठी मूलवरून फिरून आली हे मुलीने त्यांना सांगितलं ते लग्नानंतर.