पाळणाघरातील विसाव्याची जागा



बडोद्याच्या वाडी भागात दुपार कलली की शाळेतून सुटलेली मुले थेट घरी जातातच असे नाही. आई दुकानात किंवा कचेरीत, वडील कारखान्याच्या पाळीवर, आजी-आजोबा गावी. अशा घरांतील मुले संध्याकाळपर्यंत पाळणाघरात असतात. त्यांतील सहा वर्षांच्या मुलांचा विचार येथे करावयाचा आहे. गुजरातमध्ये २०२३ सालापासून सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाच पहिलीत प्रवेश मिळतो. म्हणजे हे मूल शाळेच्या पहिल्याच वर्षात असते. वाडीतील मराठी घरांत आणखी एक गोष्ट पुष्कळदा आढळते. घरी मराठी, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी, आणि पोळीतल्या सवंगड्यांशी दोहोंची मिसळ. दिवसभर परक्या भाषेत उत्तरे शोधून थकलेले मूल चार-पाच वाजता पाळणाघरात येते, तेव्हा त्याच्या मनाचा ताण सहज वर येतो.

हा ताण ‘मला भीती वाटते’ अशा शब्दांत क्वचितच बोलला जातो. एकाच्या पोटात दुखते, दुसरे मूल पाच-पाच मिनिटांनी लघवीला जाते, तिसरे डबा उघडून पुन्हा मिटते. कोणी ‘आई कधी येणार?’ हा प्रश्न एका तासात वीस वेळा विचारते, तर कोणी शेजारच्याला चिमटा काढते. यांस नखरे किंवा मस्ती समजणे ही नेहमीची चूक होय. भीतीच्या वेळी छाती धडधडते, श्वास वरच्यावर चालतो, हातपाय आखडतात. आणि शरीर असे ताणलेले असताना समजुतीचे शब्द कानांवर पडले तरी आत पोहोचत नाहीत. म्हणून आधी शरीर शांत करावे आणि बोलणे मागाहून करावे, असा क्रम ठेवावा लागतो. यासाठी पाळणाघरात एक विसाव्याची जागा असावी.

या जागेस ‘कोपरा’ म्हणू नये, हे बरे. आपल्याकडे ‘कोपऱ्यात उभा राहा’ ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिक्षा आहे आणि मुलांना ती ठाऊक असते. वाडीतील मुलांना ओटा परिचयाचा आहे. पोळीत चालून दमलेला माणूस ओट्यावर टेकतो आणि पुन्हा उठून वाटेस लागतो. तेच नाव या जागेस शोभते. ‘जा, ओट्यावर बस’ असे एकदा जरी रागाने म्हटले गेले, तरी ती जागा शिक्षेची ठरते आणि ज्या मुलाला तिची सर्वांत अधिक गरज आहे तेच तिकडे फिरकत नाही. मुलाला तेथे बोलवावे, पाठवू नये; आणि प्रथम प्रथम ताईने त्याच्याबरोबर स्वतः जाऊन बसावे.

जागा लहानशी पुरे. दोन मुले मांडी घालून बसतील एवढी एक सतरंजी. ती भिंतीलगत असावी, परंतु दाराआड, पडद्यामागे किंवा अंधाऱ्या खोलीत असू नये. ताईला काम करता करता मूल दिसले पाहिजे आणि मुलाला ताई दिसली पाहिजे. रस्त्याकडील खिडकी टाळावी, कारण वरातीचा बँड व फटाके यांचा मारा तिकडूनच येतो. साहित्य मोजके ठेवावे: जुन्या लुगड्याची जड गोधडी, कागदाचे भिरभिरे, मीठ घालून मळलेला कणकेचा गोळा, कागद आणि जाड खडू. गोधडी मांडीवर घ्यावयाची असते, तोंडावरून कधीही नाही. कणीक उन्हाळ्यात त्याच दिवशी आंबते, म्हणून ती रोज नवी मळावी. मूग, हरभरे, मणी यांसारख्या बारीक वस्तू तेथे सुट्या ठेवू नयेत. या वयाची मुलेही त्या नाकाकानांत घालतात. खेळण्यांची टोपली तर मुळीच नको, नाहीतर ओट्यासाठी भांडणे सुरू होतात.

आता कृतींविषयी. त्यांतील मर्म असे की, त्या मूल शांत असतानाच शिकवून ठेवाव्या लागतात. रडणाऱ्या मुलाला नवीन गोष्ट शिकता येत नाही. त्याला केवळ सवयीची गोष्ट आठवते. मादाम माँटेसोरी यांच्या पद्धतीत शांततेचा खेळ आहे. सर्व मुले निश्चल बसून बारीक आवाज ऐकतात आणि शिक्षिका दुरून कुजबुजत एकेकाचे नाव घेते, तसे ते मूल पाऊल न वाजविता तिच्याकडे येते. माँटेसोरींचे विचार या भागास परके नाहीत. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले ते त्याच विचारांच्या प्रेरणेने, आणि ताराबाई मोडक यांनी तेथेच त्यांच्यासमवेत काम करून पुढे हे शिक्षण महाराष्ट्रात नेले. हा खेळ पाळणाघरात रोज खाऊनंतर तीन-चार मिनिटे सर्वांनी मिळून खेळावा. देवळाची घंटा, शिवणयंत्राची घरघर, कुकरची शिट्टी, जे ऐकू येईल ते. मात्र घाबरलेल्या मुलाला त्या घडीला ‘गप्प बसून ऐक’ म्हणणे निरर्थक आहे. खेळ सरावासाठी आहे, उपचारासाठी नव्हे. मोठ्या आवाजांचीच धास्ती असलेल्या मुलाला तर त्यात सक्तीने बसवूच नये.

प्रत्यक्ष भीतीच्या वेळी पहिली कृती अंगाला जोर लावण्याची असावी. दोन्ही तळहात भिंतीला टेकवून दहा आकडे होईपर्यंत भिंत ढकलायची, थोडे थांबायचे, पुन्हा ढकलायची; असे तीनदा. किंवा कणकेचा गोळा दोन्ही हातांनी मळायचा. चुळबुळणाऱ्या मुलाला एकदम ‘दीर्घ श्वास घे’ म्हटल्यास ते छाती फुगवून भराभर श्वास घेते आणि अधिकच बेचैन होते. स्नायू एकदा ताणून सैल झाले की श्वासाची कृती साधते.

श्वासात महत्त्व आहे ते बाहेर सोडण्यास. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हा शरीराचा धर्म आहे; म्हणून सोडणे घेण्यापेक्षा लांब हवे. मुलाला आकड्यांपेक्षा चित्र लवकर कळते: मोगऱ्याचा वास घ्यायचा आणि मग गरम दूध फुंकून निववायचे. वास घेण्यास तीन आकडे, फुंकण्यास पाच. भिरभिरे हाती असल्यास ते जोराने नव्हे, तर हळू आणि पुष्कळ वेळ फिरते ठेवायचे. असे पाच-सहा श्वास पुरतात. डोके हलके वाटते किंवा बोटांना मुंग्या येतात असे मूल म्हणाले, तर ते फार वेगाने फुंकीत आहे असे समजावे, कृती थांबवावी आणि त्याला नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा.

या वेळी ताईने थोडेच बोलावे, आणि तेही मुलाच्या घरच्या भाषेत. ‘आई दिसत नाही म्हणून पोटात कसंतरी होतंय ना? मी इथेच बसलेय.’ एवढे पुरे. ‘काय झालं, कोणी मारलं, का रडतोस’ अशी प्रश्नांची सरबत्ती नको. खांदे खाली आले, मुठी सुटल्या, मूल आसपास पाहू लागले किंवा स्वतःहून काही बोलले, म्हणजे ते सावरले. यास पाच ते दहा मिनिटे लागतात. त्यानंतर त्याच्या हाती एक लहान काम द्यावे आणि ओटा सोडावा.

उदाहरणादाखल समजा, पहिलीतील एक मुलगी आहे. तिची आई मांडवीच्या बाजूस दुकानात काम करते आणि साडेसहाला येते. पाच वाजले की मुलीचा प्रश्न सुरू होतो. ताई मायेने म्हणते, ‘येईल गं, लगेच.’ अपाय करतो तो हा ‘लगेच’. सहा वर्षांच्या मुलाला घड्याळाचा काळ नीट कळत नाही. लगेच म्हणजे आत्ता, आणि आत्ता तर आई येत नाही. घड्याळाऐवजी घटनांचा क्रम द्यावा. एका जाड दोरीत पाच मोठे लाकडी मणी ओवून ती ओट्याजवळ टांगावी: खाऊ, अभ्यास, खेळ, दिवाबत्ती आणि आई. एकेक गोष्ट झाली की मुलीने स्वतः तो मणी पलीकडे सरकवायचा. प्रश्न आला की ताईने तिच्यासह ओट्यावर जावे, भिंत ढकलावी, दूध निववावे, दोरी पाहावी आणि विचारावे, ‘आता कोणता मणी?’ मग ‘चल, पाण्याचे पेले मांडू’ म्हणून उठावे.

पहिल्या आठवड्यात प्रश्न फारसे कमी होणार नाहीत, कधी वाढतीलही. आई उशिरा आली की दोरीवरचा विश्वासच उडतो, म्हणून आरंभापासूनच एक निराळ्या रंगाचा सहावा मणी ठेवावा. तो उशिराचा मणी. आईचा निरोप आला की तो मध्ये सरकवायचा, आणि त्या वेळात काय करायचे हे आधीच ठरलेले असावे. उदाहरणार्थ, ताईबरोबर भाजी निवडणे. आईनेही सकाळी निघताना गुपचूप सटकू नये. निरोप घेऊन, ‘पाचव्या मण्याला येते’ असे सांगून जावे.

ताईने एक साधी वही ठेवावी: मूल ओट्यावर किती वाजता गेले, त्याआधी काय चालले होते आणि किती वेळाने परतले. दोन आठवड्यांत वही बोलू लागते. मूल रोज नेमके गणिताची वही काढतानाच ओट्यावर जात असेल आणि तो अभ्यास संपेपर्यंत उठत नसेल, तर ती विश्रांती नसून सुटका आहे. टाळलेली भीती दुसऱ्या दिवशी मोठी होऊन येते. अशा वेळी ओटा बंद करू नये. अभ्यासाचे तुकडे पाडावेत. पहिली बेरीज ओट्यावर ताईशेजारी, पुढच्या दोन सतरंजीवर सर्वांत, आणि उरलेल्या नंतर. शाळेतील शिक्षकांनाही हे कळवावे.

काही नोंदी मात्र ओट्याच्या आवाक्याबाहेरच्या असतात. तीन-चार आठवडे झोप किंवा जेवण बिघडलेले आहे, मूल शाळेत जायलाच नकार देते, पूर्वी बोलणारे मूल बोलेनासे झाले आहे, अशा वेळी पालकांना सांगून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बडोद्यास सयाजी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. गावी असणाऱ्यांना टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते. आणि मूल विशिष्ट माणूस न्यायला आला की घाबरते किंवा घरी जाण्याचीच त्याला धास्ती वाटते, असे वहीत दिसले, तर त्याला श्वास शिकवून शांत करून धाडणे घातक होय. त्या मुलाचे ऐकून घ्यावे, त्याने वापरलेले शब्द तसेच लिहून ठेवावेत आणि मुलांच्या साहाय्यासाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे.