स्नेहसंमेलनातील स्वागताचे चार शब्द

(बेळगावातील एका मराठी शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालकांच्या वतीने केलेल्या भाषणाचा आरंभ.)

मुलांनो, मान्यवर पाहुणे, गुरुजन आणि पालकहो, सप्रेम नमस्कार.

रिवाजाप्रमाणे पाहुण्यांचे नाव आधी घेतात. आज तो क्रम आम्ही मोडला, राग मानू नये. पहिली-दुसरीची मुले चार वाजल्यापासून फेटे बांधून पडद्यामागे उभी आहेत. भाषणे लांबली की फेटे सुटतात आणि मुले पेंगतात. म्हणून बाळांनो, पहिले स्वागत तुमचे.

शिक्षण खात्यातून आलेल्या साहेबांना मराठी कळते, पण त्यांच्या भाषेतही एक वाक्य बोलतो : 'निमगेल्लरिगू स्वागत.' हे आमच्याकडून तिसरीतल्या मुलीने घोटून घेतले. आम्ही याच शाळेत शिकलो, तरी कन्नड बोलताना अडखळतो. ही मुले अडखळत नाहीत.

मागे उभे असलेले पालक उद्यमबागेतल्या कारखान्यांतून थेट आलेत, काहींच्या अंगावर अजून कामाचे कपडे आहेत. पुढे या, खुर्च्या तुमच्यासाठीच आहेत. आजीबाईंना मात्र उठवू नका.

यंदा पहिलीत अकरा मुले आहेत. मे महिन्यात आम्ही घरोघरी फिरलो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी चहा मिळाला, नाव मिळाले नाही. इंग्रजी शाळेची गाडी दारात येते, तुमची येते का, असे विचारले गेले. आमची येत नाही. तरीही ज्या अकरा घरांनी नाव दिले, त्या आईवडिलांनी कृपया जागेवर उभे राहावे. तुमचे स्वागत सर्वांनी मिळून करायचे आहे.